लॅचवरचा कपॅसिटर: चुकीच्या पायावर

"74HC595 ला जोडलेले एलईडी लुकलुकतात. लॅच पिनवर ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावायचा ना?"

नाही, तिथून तो काढाच. हा सल्ला जुन्या सर्किटांच्या नकलांमधून अजून फिरतोय. 74HC595 ही मायक्रोकंट्रोलरकडून एकामागून एक येणारे बिट आत सरकवून आठ आउटपुटवर देणारी चिप; लॅच म्हणजे तिची १२ नंबरची पिन. तिथला सिग्नल शून्यावरून वर जातो त्या क्षणी आठही बिट एकदम आउटपुटवर येतात, म्हणून ही चढण खडी हवी. ५ व्होल्टच्या आसपास चिपला ती साधारण ५०० नॅनोसेकंदांत हवी असते. मायक्रोकंट्रोलरच्या पिनचा आतला रोध ३० ओहम धरला, तर या कपॅसिटरमुळे चढायला सुमारे ६.६ मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे तेरापट. उतरणही तितकीच रेंगाळते. सिग्नल मधल्या पातळीवर असताना जरासा नॉइज आला, की अर्धवट सरकलेले बिट लॅच होऊ शकतात. लुकलुक थांबवायला लावलेला कपॅसिटरच ती घडवतो!

तोच कपॅसिटर १६ (पुरवठा) आणि ८ (ग्राउंड) या पिनांमध्ये, चिपला अगदी चिकटून लावा. आठ एलईडी एकदम पेटले की पुरवठा क्षणभर दबतो, तो तिथे सावरतो. फक्त वीज चालू करतानाच भलते दिवे लागत असतील, तर आउटपुट चालू-बंद करणारी १३ नंबरची पिन १० किलोओहमने पुरवठ्याला बांधा म्हणजे आउटपुट बंद राहतील, मायक्रोकंट्रोलरच्या एका पिनलाही जोडा, आणि पहिला डेटा लॅच झाल्यावरच ती खाली ओढा.