सोळावर संपणारी मोजणी : आरआयपी, हॉप आणि स्प्लिट होरायझन

कोथरूडमधल्या एका वर्गात नेटवर्किंग शिकवताना मी आरआयपी, म्हणजे राउटरांनी एकमेकांना वाटा कळवायचा रूटिंग इन्फर्मेशन प्रोटोकॉल, फळ्यावर समजावून सांगण्याऐवजी चिठ्ठ्यांवर चालवून दाखवतो. तीन विद्यार्थ्यांना एका ओळीत बसवायचे आणि त्यांना हडपसर, स्वारगेट व कोथरूड अशी राउटरची नावे द्यायची. हडपसरच्या राउटरला एका गोदामाचे नेटवर्क थेट जोडलेले आहे, असे धरायचे. प्रत्येकाने वहीत एवढेच लिहायचे की गोदाम किती हॉपवर, म्हणजे किती राउटरांपलीकडे, आहे आणि तिकडे जायचे तर पॅकेट कोणत्या शेजाऱ्याकडे सोपवायचे. मी टाळी वाजवली की प्रत्येकाने आपला आकडा चिठ्ठीवर लिहून शेजाऱ्याला द्यायचा. खऱ्या राउटरमध्ये ही टाळी दर 30 सेकंदांनी वाजते. चिठ्ठी मिळालेला शेजारी त्या आकड्यात एक मिळवतो. हडपसरच्या वहीत 0 असतो, म्हणून दोन टाळ्यांत स्वारगेटच्या वहीत 1 आणि कोथरूडच्या वहीत 2 येतो.

यात कोणाकडेही शहराचा नकाशा नसतो, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. कोथरूडला हडपसर कुठे आहे ते ठाऊक नाही. ‘स्वारगेट म्हणतो, गोदाम त्याच्यापासून एक हॉपवर आहे’ एवढ्या ऐकीव माहितीवर त्याचे सगळे काम चालते. पुढचे सारे गुण आणि सारे दोष या ऐकीवपणातून येतात.

वर्गात पहिला प्रश्न ठरलेला असतो, की हॉपच का मोजायचे? स्वारगेटहून कोथरूडला जाणारी थेट वाहिनी 64 केबीपीएसची असेल आणि शिवाजीनगरमार्गे जाणाऱ्या दोन्ही वाहिन्या 100 एमबीपीएसच्या असतील, तरीही आरआयपी थेट वाहिनीच निवडतो, कारण एक हा आकडा दोनपेक्षा लहान आहे. हा आक्षेप रास्त आहे. मात्र वेगाऐवजी किंवा विलंबाऐवजी राउटर मोजण्यामागे अनुभव होता. इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटच्या 1969 च्या मूळ पद्धतीत प्रत्येक यंत्र आपल्या रांगेत त्या क्षणी किती पॅकेटे थांबली आहेत ते पाहून विलंबाचा अंदाज बांधत असे. रांग क्षणोक्षणी बदलते. त्यामुळे मोकळ्या दिसलेल्या वाटेवर सगळी वाहतूक वळली की तीच वाट तुंबे आणि निर्णय पुन्हा उलटे. वाटा अशा हेलकावत राहत. ती पद्धत 1979 मध्ये बदलण्यात आली. हॉपचा आकडा मात्र वाहतूक वाढली म्हणून वाढत नाही. वाहिनी जोडली किंवा तुटली तरच तो बदलतो, तो मोजायला घड्याळ लागत नाही आणि वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांना त्याचा एकच अर्थ लागतो. ऐकीव माहितीवर चालणाऱ्या पद्धतीत आकडा निदान आपणहून हलू नये, ही अपेक्षा मला तरी शहाणपणाची वाटते.

आरआयपीचे मूळ झेरॉक्सच्या प्रोटोकॉलांमध्ये आहे. पुढे बर्कलेच्या युनिक्समधल्या `routed` या प्रोग्रामबरोबर तो सर्वत्र पसरला. तो आधीपासून चालूच होता. चार्ल्स हेड्रिक यांनी जून 1988 मध्ये आरएफसी 1058 या दस्तऐवजात त्याची रीतसर नोंद केली. आरआयपीची मोजणी सोळावर संपते. या मर्यादेचे कारण त्याच दस्तऐवजात सापडते आणि ते बहुतेकांच्या समजुतीपेक्षा वेगळे आहे. आकड्यासाठी चारच बिट ठेवले असतील, म्हणून पंधरापर्यंतच मोजता येते, असा तर्क विद्यार्थी हटकून करतात. प्रत्यक्षात आरआयपीच्या संदेशात या आकड्यासाठी 32 बिटांची जागा आहे, म्हणजे चार अब्जांहून मोठी संख्या तिथे सुखाने मावेल. जागा असूनही सोळाला ‘अनंत’ ठरवले गेले, आणि सोळा म्हणजे ‘तिथे पोचता येत नाही’ असा त्याचा अर्थ ठरला. अनंत इतके जवळ आणून का ठेवले, हे चिठ्ठ्यांवरच नीट दिसते.

आता समजा, गोदामाची केबल तुटली. हडपसरला ते लगेच कळते आणि तो वहीतला 0 खोडतो. पण त्याने ही बातमी पुढे देण्याआधीच टाळी वाजते आणि स्वारगेटची नेहमीची चिठ्ठी येते, ‘गोदाम माझ्यापासून 1 हॉपवर’. स्वारगेटची ती वाट हडपसरमधूनच जात होती, हे चिठ्ठीवर कुठेही लिहिलेले नसते. हडपसरला वाटते की स्वारगेटकडे दुसरी एखादी वाट असावी, आणि तो वहीत 2 लिहितो. पुढच्या चिठ्ठीत हडपसर 2 सांगतो. स्वारगेट गोदामाकडची पॅकेटे हडपसरकडेच सोपवत होता, आणि ज्याच्या भरवशावर वाट आहे त्याने सांगितलेला आकडा वाईट असला तरी मानायचाच, असा आरआयपीचा नियम आहे. म्हणून स्वारगेट 3 लिहितो. मग हडपसर 4, स्वारगेट 5, आणि दूर बसलेला कोथरूड स्वारगेटच्या मागोमाग आपला आकडा वाढवत राहतो. वर्गात इथे हशा पिकतो, कारण तिघेही नियमाने वागत असतात आणि गोदाम मात्र टाळीगणिक दूर सरकत असते.

हिशेब सोपा आहे. केवळ नेहमीच्या चिठ्ठ्या चालू आहेत असे धरले, तर हडपसरचा आकडा दर 30 सेकंदांनी दोनने वाढतो. 2 पासून 16 पर्यंत जायला अशा सात फेऱ्या, म्हणजे साडेतीन मिनिटे लागतात. सोळा आले की हडपसर ‘पोचता येत नाही’ असे लिहितो आणि खोटी वाट मरते. अनंत जर 256 ला ठेवले असते, तर याच हिशेबाने 127 फेऱ्या, म्हणजे तासाहून अधिक वेळ लागला असता. थोडक्यात, सोळा हा आकडा नेटवर्क केवढे असू शकते हे जितके ठरवतो, तितकेच चुकीची बातमी किती वेळ जगू शकते हेही ठरवतो. तो मोठा केला तर जाळे वाढवता येते, पण प्रत्येक बिघाड लांबतो. त्याबरोबर आणखी एक किंमत मोजावी लागते. मघाच्या 64 केबीपीएसच्या वाहिनीला एकाऐवजी दहा हॉपांचे वजन द्यायची मुभा आरआयपीत आहे, पण ते दहा याच पंधरांतून वजा होतात. ती वाहिनी वाटेत आली की उरलेल्या साऱ्या प्रवासाला पाचच हॉप शिल्लक राहतात.

त्या साडेतीन मिनिटांत खरी पॅकेटे काय करतात? गोदामासाठी निघालेले पॅकेट स्वारगेट हडपसरकडे देतो आणि हडपसर ते परत स्वारगेटकडे. पॅकेटने आणखी किती राउटर ओलांडायचे याचा आकडा, म्हणजे टीटीएल, प्रत्येक राउटर एकाने कमी करतो. सुरुवातीचा टीटीएल 64 असेल, तर एकच पॅकेट त्याच वाहिनीवरून साठेक वेळा इकडून तिकडे जाऊन मगच टाकून दिले जाते. वाहिनी अशा मेल्या पॅकेटांनी भरली की आरआयपीचे स्वतःचे संदेशही हरवू लागतात, कारण ते यूडीपीवरून जातात आणि त्यांची पोच कोणी देत नाही. बिघाड ओळखायची खूण म्हणजे वाटेतले राउटर ओळीने दाखवणाऱ्या `traceroute` मध्ये तेच दोन पत्ते आलटून पालटून दिसणे:

```
 3  10.0.12.1
 4  10.0.12.2
 5  10.0.12.1
 6  10.0.12.2
```

या घोळाचे मूळ एकाच मूर्खपणात आहे. हडपसरनेच दिलेली बातमी स्वारगेट हडपसरला परत ऐकवत होता. स्प्लिट होरायझन हा नियम नेमके हेच बंद करतो. ज्या वाहिनीवरून एखादी वाट कळली, त्या वाहिनीवर ती वाट पुन्हा जाहीर करायची नाही. वर्गात मी एवढेच सांगतो की ज्याच्याकडून ऐकले त्याला तेच सांगू नका, आणि खेळ पुन्हा सुरू करतो. या वेळी स्वारगेटच्या चिठ्ठीवर हडपसरसाठी गोदामाचा उल्लेखच नसतो, आणि कोथरूडही स्वारगेटला गोदामाबद्दल काही सांगत नाही. हडपसरची वाट तुटलेलीच राहते, पुढच्या चिठ्ठीत तो 16 सांगतो आणि दोन टाळ्यांत बातमी कोथरूडपर्यंत पोचते.

याचाच अधिक स्पष्टवक्ता प्रकार म्हणजे पॉयझन्ड रिव्हर्स. त्यात गप्प न बसता ‘तुझ्याकडून कळलेली वाट माझ्याकडे 16 आहे, माझ्यामार्फत जाऊ नकोस’ असे मुद्दाम सांगितले जाते. दोन राउटर चुकून एकमेकांकडे बोट दाखवू लागले असतील, तर नुसत्या मौनाने ती चूक, बातमी न आल्यास वाट बाद ठरवायची 180 सेकंदांची मुदत संपेपर्यंत टिकते, तर उघड सांगितलेला 16 ती लगेच मोडतो. त्याची किंमत संदेशाच्या आकारात मोजावी लागते. एका आरआयपी संदेशात जास्तीत जास्त 25 नोंदी मावतात, आणि ज्या वाटा गाळता आल्या असत्या त्याही आता पाठवाव्या लागतात.

इथे वर्गाला वाटते की प्रश्न सुटला. मग मी चौथा विद्यार्थी आणतो, शिवाजीनगर, आणि स्वारगेट, कोथरूड व शिवाजीनगर या तिघांना एकमेकांशी जोडून त्रिकोण करतो. हडपसर फक्त स्वारगेटला जोडलेला राहतो. गोदाम स्वारगेटपासून 1 वर आणि कोथरूड व शिवाजीनगर यांच्यापासून प्रत्येकी 2 वर आहे. आता हडपसर-स्वारगेट वाहिनी तुटते. स्वारगेट दोघांनाही 16 ची चिठ्ठी देतो, पण शिवाजीनगरची चिठ्ठी मी मध्येच खिशात घालतो. कोथरूडने वाट खोडलेली असते आणि तेवढ्यात शिवाजीनगर त्याला सांगतो, ‘गोदाम माझ्यापासून 2 वर’. शिवाजीनगरला ही वाट स्वारगेटकडून कळली होती, त्यामुळे स्प्लिट होरायझन त्याला फक्त स्वारगेटपुरते गप्प ठेवतो. कोथरूडला सांगण्यात नियमाचा भंग नाही. कोथरूड 3 लिहितो आणि शिवाजीनगरकडून ऐकलेले स्वारगेटला सांगतो. तेही नियमातच बसते. स्वारगेट 4 लिहून शिवाजीनगरला सांगतो, आणि शिवाजीनगरची वाट स्वारगेटमधूनच जात असल्याने त्याला 5 मानावाच लागतो. पुढे 6, 7, 8. पॉयझन्ड रिव्हर्स लावले तरी फरक पडत नाही, कारण कोणीही आपल्या सांगणाऱ्याला उलट सांगत नाही. बातमी एकाच दिशेने गोल फिरत राहते.

बातमी बदलताच पुढच्या टाळीची वाट न पाहता एक ते पाच सेकंदांत ती कळवायची, ही ट्रिगर्ड अपडेटची युक्ती अशा चुकीची संधी कमी करते. पण ती तातडीची चिठ्ठीही हरवू शकते, किंवा तिच्या आधी एखादी जुनी चिठ्ठी निघालेली असू शकते. त्रिकोणात मोजणी सुरू झालीच, तर ती थांबवायला सोळाखेरीज दुसरे काही नाही. म्हणूनच 1997 मध्ये आयपीव्ही6 साठी आरआयपीएनजी आला आणि 1998 मध्ये आरआयपीच्या दुसऱ्या आवृत्तीची नवी नोंद झाली, तरी हा आकडा तसाच राहिला. नुसत्या नेहमीच्या चिठ्ठ्यांवर हा त्रिकोण शांत व्हायला, त्या कोणत्या क्रमाने निघतात त्यानुसार, दोन ते चार मिनिटे लागतात, आणि तेवढा वेळ `traceroute` मध्ये दोनऐवजी तीन पत्ते फिरताना दिसतात. वर्गात सोळा हा आकडा बहुधा स्वारगेटच्या वहीत येतो. तोवर खिशातली ती चिठ्ठी मी शिवाजीनगरच्या बाकावर ठेवलेली असते.