सहा इंचाची गादी चित्रात दहा इंचाची का दिसते?

गादीच्या दुकानात काउंटरवर एक कापलेला तुकडा पडलेला असतो बघा, वीतभर लांबरुंद, बाजूने सगळे थर उघडे, गिऱ्हाइकांनी बोटाने दाबून दाबून त्याचा पार कोपरा काळा केलेला. तो तुकडा नीट बघायचा आणि मग त्याच गादीचं वेबसाइटवरचं कापून दाखवलेलं चित्र बघायचं. चित्रातली गादी जवळजवळ दुप्पट जाड वाटते. दरवेळी यात कुणाची लबाडी असतेच असं नाही, बऱ्याचदा चित्र करणाऱ्याची गणिताने केलेली कोंडी असते. मीही हे काम करतो आणि त्या कोंडीत सापडलोय.

साधी क्वीन साइज गादी घेऊ, ७८ बाय ६० इंच, जाडी ६ इंच. आतमध्ये खाली ४ इंच एचआर म्हणजे दाबला की लगेच उसळणारा फोम, त्यावर १ इंच मेमरी फोम, वरचं क्विल्ट केलेलं कव्हर फुगलेल्या जागी पाऊण इंच आणि खालचं कव्हर पाव इंच, झाले ६. आता ही अख्खी गादी २००० पिक्सेल रुंद चित्रात आडवी बसवा. एका इंचाला साधारण २५ पिक्सेल येतात, म्हणजे पूर्ण जाडी दीडशेच्या आसपास, मेमरी फोम २५ पिक्सेलची एक पट्टी, कव्हरचं कापड जेमतेम १ पिक्सेल, आणि शिलाईचा दोरा पाव-अर्ध्या मिलीमीटरचा असतो तो एका पिक्सेलच्याही आत जातो, म्हणजे दिसतच नाही. आणि ब्रँडवाल्याला तर त्यात सगळे थर पण हवेत, शिलाई पण हवी आणि क्विल्टिंगचा फुगीरपणा पण हवा. मग कुणीतरी चित्राला वरून पकडून ओढतं. मी पण एकदा ओढलं होतं, दीडशेचे चारशे केले, समोरच्याने लगेच विचारलं की ही गादी आमची कुठली, आमच्याकडे एवढी जाड नाहीच.

असं ओढणं नकाशावाले पण करतात बरं का. शाळेच्या भूगोलात कोकण ते देश असा आडवा छेद असतो ना, त्यात घाट भिंतीसारखा उभा दिसतो कारण उंचीचं प्रमाण लांबीपेक्षा बरंच वाढवलेलं असतं, पण चांगल्या नकाशात तसं लिहिलेलं असतं. गादीच्या चित्रावर असं कोण लिहिणार?

यावर उपाय सोपा आहे, अख्खी गादी दाखवायचीच नाही. फक्त कोपरा घ्यायचा, १५ इंचाचा. तेच २००० पिक्सेल आता १५ इंचांना वाटले जातात, म्हणजे इंचाला १३३. जाडी ८०० पिक्सेल झाली, मेमरी फोम १३३, कापड ५, दोरा दीड-दोन पिक्सेल, आणि टाका ४ मिलीमीटरचा धरला तर वीस-एकवीस पिक्सेलचा, म्हणजे एकेक टाका सुटा दिसतो. काहीच न ताणता सगळं दिसलं! कापडाचे बारके थर दाखवायचेच असतील तर बाजूला एक भिंगातला गोल काढायचा आणि "पाचपट मोठं" असं खाली स्पष्ट लिहायचं. "६ थर" म्हणताना १ मिलीमीटरचं कापड आणि ४ इंचाचा फोम सारख्याच जाडीच्या पट्ट्यांनी दाखवायचा जो प्रकार चालतो ना, तो मला तरी फसवाच वाटतो.

खरा फोटो काढायचा असेल तर दुसरी अडचण येते, जवळची वस्तू मोठी दिसते. गादीच्या कोपऱ्यापासून १ मीटरवर मोबाइल धरला आणि गादीचं मागचं टोक कॅमेऱ्यापासून अडीच मीटरवर असेल, तर मागची जाडी पुढच्या जाडीच्या ४० टक्केच दिसणार, पुढचा कोपरा ६ इंच वाटला तर मागचा अडीच इंच, गादी नाही पाचर दिसते. मागे सरकून कोपऱ्यापासून ४ मीटरवर जा, मग तेच प्रमाण ४ भागिले साडेपाच, म्हणजे ७३ टक्के होतं. लोकांना वाटतं लेन्स बदलली की हे सुधारतं, पण ते ठरतं अंतरावरून, लेन्सने फक्त फ्रेम भरते. म्हणून आधी मागे जायचं आणि मग झूम करायचं, जवळ उभं राहून झूम केलं तर गादी कापली जाईल फोटोत, पण पाचर ती पाचरच राहील.

फोम कापणं हे पण प्रकरण आहे. साधं ब्लेड दाबून फिरवलं की फोम आधी दबतो आणि दबलेल्या अवस्थेत कापला जातो, सोडला की उसळून परत येतो आणि कापलेली बाजू सरळ राहत नाही, वाकडी किंवा आत गेलेली दिसते. म्हणून पुढेमागे चालणारी इलेक्ट्रिक सुरी वापरतात, वरून जोर न देता. मेमरी फोम तर उष्णतेने मऊ होतो आणि थंडीत कडक, त्यामुळे स्टुडिओतल्या गरम दिव्यांखाली ठेवून कापू नये, आधी कापून मग दिवे लावावेत.

आता शिलाई, इथे सगळ्यात जास्त चुका होतात. कापसाच्या गादीत गादीवाला दाभण घेऊन टाका वरून थेट खालपर्यंत काढतो, कारण नाहीतर कापूस एका कोपऱ्यात गोळा होईल. फोमच्या गादीतलं क्विल्टिंग तसं नसतं, ते गोधडीसारखं वेगळंच शिवून येतं, वर विणलेलं कापड, मध्ये पातळ मऊ फोम, खाली नॉनवोव्हन कापड, एवढ्यातूनच दोरा जातो आणि तिथेच संपतो, मेमरी फोमला तो शिवत पण नाही. चित्रात दोऱ्याची रेघ चार इंची फोममधून खाली उतरलेली दिसली तर काढणाऱ्याने गादी उघडून बघितलेली नाही, एवढं नक्की. (वरपासून खालपर्यंत टाके घातलेल्या महाग गाद्या असतात, पण त्यात तिथे खोल खळगा पडलेला वरून पण दिसतो.)

टाक्याच्या रेघेवर कव्हर चार-पाच मिलीमीटरपर्यंत दबतं आणि दोन रेघांच्या मध्ये फुगून येतं, म्हणजे कापलेल्या कडेवर वरची रेषा लाटेसारखी दिसायला हवी. आणि ही लाट कशीही काढून चालत नाही. समजा वर शंकरपाळ्याची नक्षी आहे, टोकापासून टोकापर्यंत ३ इंच. गादी कडेला समांतर कापली आणि काप बरोबर शंकरपाळ्यांच्या टोकांवरून गेला तर दर ३ इंचावर एकच खळगा येणार, १५ इंचात पाचेक. टोकांच्या बरोबर मधून गेला तर दीड-दीड इंचावर, म्हणजे दुप्पट. या दोन्हीच्या मध्ये कुठून गेला तर एक अंतर लहान एक मोठं, परत लहान परत मोठं. वरच्या प्रत्येक शिलाईच्या रेघेचं कडेवरचं टोक आणि खालचा खळगा एकाच ठिकाणी जुळलाच पाहिजे, बहुतेक चित्रांत तो जुळत नाही कारण वरची नक्षी एका फाइलमधून आलेली असते आणि बाजूची लाट दुसऱ्या.

आणि फोमची जाळी. या फोमची भोकं साधारण अर्ध्या मिलीमीटरची असतात, आपल्या कोपऱ्याच्या चित्रात दोन-तीन पिक्सेल, म्हणजे रवाळ दिसलं पाहिजे. आंबोळीसारखी मोठी जाळी दिसली तर तो नमुना कुठूनतरी मोठा करून चिकटवलाय. अपवाद लेटेक्सचा, त्यात साच्यातल्या पिनांमुळे पेन्सिलएवढी भोकं खरंच असतात, एका रांगेत. पण त्यांचंही एक आहे, वरच्या पृष्ठभागावर ती गोल दिसतात आणि कापलेल्या बाजूला लांब नळीसारखी, तिथेही गोल ठिपके काढलेले मी पाहिलेत.