पावसातल्या फोटोत चेहरा बदलताना थेंब कोणाचे ठेवायचे?

मुंबईत लग्नाआधीचे फोटो पावसातच काढायचे, ही हौस जुनी नाही. पण तिच्यामुळे अल्बम करणाऱ्यांच्या टेबलावर एक वेगळेच काम येऊन पडले. ओल्या फोटोतला मिटलेला डोळा किंवा वाकडे तोंड दुसऱ्या फोटोतल्या चेहऱ्याने बदलायचे, आणि ते कळू द्यायचे नाही. हे काम अवघड का ठरते, याचे कारण बरेचसे हत्यारांच्या इतिहासात आहे. चेहऱ्यावर चालणारी जवळजवळ सगळी हत्यारे चेहरा स्वच्छ करण्यासाठी घडली आणि त्यांच्या दृष्टीने पाण्याचा थेंब हाही एक डागच असतो.

फोटोशॉपमध्ये 1994 साली लेयर आले, तेव्हा एका चेहऱ्यावर दुसरा ठेवणे सोपे झाले. कडा मात्र हातानेच मऊ कराव्या लागत. 2002 साली हीलिंग ब्रश आला. तो एका जागेचा पोत उचलून दुसऱ्या जागेच्या उजेडात बसवतो. करिझ्मा अल्बमच्या दिवसांत पुटकुळ्या आणि तेलकट डाग त्यानेच पुसले जात. पुढच्याच वर्षी एका शोधनिबंधात सांधा जुळवण्याची गणिती पद्धत मांडली गेली, ज्यात कडेचे रंग आत पसरवून तुकडा भोवतालात मुरवला जातो. कोरड्या कातडीवर ती उत्तम चालते. ओल्या चेहऱ्यावर मात्र सांधा एखाद्या थेंबाच्या लखलखीत ठिपक्यावरून गेला, तर तो उजेड गालभर पसरतो आणि तिथे पांढुरके धुके दिसू लागते.

पुढे स्वयंचलित अदलाबदल आली. 2023 च्या सुमारास हाताशी आलेले एक लोकप्रिय एआय मॉडेल चेहरा 128 गुणिले 128 पिक्सेलमध्ये तयार करते. तेवढ्या जागेत पापण्याच जेमतेम मावतात, थेंब कुठून मावणार? मग तो चेहरा मोठा करण्यासाठी दुसरे मॉडेल लावले जाते आणि ते उरलासुरला ओलावाही गुळगुळीत करून टाकते. केस निथळताहेत, गळ्यावरून ओघळ चाललेत आणि मधला चेहरा तेवढा कोरडा, असा फोटो पाहिला की तो या साखळीतून आला आहे, हे ओळखता येते.

खरा वाद आहे तो थेंब कोणाचे ठेवायचे, याचा. एक बाजू म्हणते, नवा चेहरा पूर्ण बसवावा आणि थेंब वरून रंगवावेत. दुसरी म्हणते, मूळ फोटोतले थेंब हलवूच नयेत. माझा कल दुसरीकडे आहे. थेंब म्हणजे लहानसे भिंगच: दिव्याच्या बाजूला त्यावर बारीक लखलखीत ठिपका पडतो, तर आत शिरलेला उजेड विरुद्ध कडेला गोळा होतो. मरीन ड्राइव्हवर दिवा उजवीकडे असेल, तर मानेवरच्या प्रत्येक थेंबाचा ठिपका उजवीकडेच हवा. रंगवणारा माणूस दहाव्या थेंबाला हे विसरतो.

‘शाइन’ या शब्दाने यात आणखी गोंधळ घातला. स्टुडिओत वर्षानुवर्षे ‘शाइन काढ’ म्हणजे कपाळाचा तेलकटपणा काढ, असाच अर्थ होता. आता ‘शाइन टाक’ म्हटले की तोच रुंद, पसरट पट्टा कपाळावर परत येतो. ओल्या कातडीची तकाकी तशी नसते. ती अरुंद, तुटक आणि धारदार असते, आणि तिच्याखालचा रंग कोरड्या कातडीपेक्षा किंचित गडद दिसतो. पाण्याखाली तर ही तकाकी जवळजवळ नसतेच, कारण ती हवा आणि पाणी यांच्या सीमेवर उमटते आणि पाण्यात बुडालेल्या गालावर ती सीमाच उरत नाही. तरीही तरणतलावातल्या फोटोंत बसवलेले चेहरे चकाकताना दिसतात. तिथे लाल चॅनेलही पाहावा. दीड मीटर खोलीवर, कॅमेऱ्यापासून दीड मीटरवर असलेल्या चेहऱ्यापर्यंत आणि तिथून कॅमेऱ्यापर्यंत उजेड सुमारे तीन मीटर पाण्यातून येतो आणि त्यात लाल रंग बराच शोषला जातो. म्हणून निळसर झाक काढताना लाल वाढवला की मूळ मानेत दाणे उठतात, पण वर हवेत काढलेल्या चेहऱ्यात तो रंग स्वच्छ असतो.

गेल्या जुलैत असेच एक काम आले होते. चांगल्या फोटोत नवरदेवाचे डोळे मिटलेले, आणि उघड्या डोळ्यांचा फोटो लाल छत्रीखालचा, कोरडा. पूर्ण चेहरा बसवला तेव्हा गालांवर छत्रीची लाली आली आणि हनुवटीखाली लोंबणारा थेंब गेला. शेवटी भुवईखालपासून खालच्या पापणीपर्यंतचाच पट्टा घेतला, लाली मूळ कानाच्या रंगाशी जुळवून उतरवली, आणि पट्ट्याचा सांधा एकाही थेंबावरून न नेता त्यांच्या मधून वळवला. उरल्या फक्त पापण्या. कोरडे केस एकेक सुटे उभे असतात, भिजलेले तिघे-चौघे मिळून चिकटतात. ते जुळवायला बाकी सगळ्या कामापेक्षा जास्त वेळ लागला.