डक्टचे माप (लहान घरासाठी)

छताखालच्या डक्टेड एसीची गार हवा खोल्यांपर्यंत नेणाऱ्या पत्र्याच्या वाहिनीचा आडवा छेद किती ठेवायचा, हे ठरवण्याची रीत. ती दोन कसोट्यांवर चालते. पहिली घर्षण दराची, म्हणजे डक्टच्या दर मीटरला हवेचा किती दाब खर्च होतो याची. दुसरी हवेच्या वेगाची. पहिली पाळली तर हवा पुरेशी पोचते आणि दुसरी पाळली तर ती गाजावाजा न करता पोचते.

मराठवाड्यात ही मापे बहुधा फॉल्स सीलिंगच्या उंचीपाशी अडतात. लातूरमधल्या एका मजली स्लॅबच्या घराचे उदाहरण घेऊ. हॉल आणि एक बेडरूम मिळून दीड टनाचा एसी बसवायचा आहे. टनाला सुमारे ४०० सीएफएम (घनफूट प्रति मिनिट) हवा धरतात, म्हणजे एकूण ६०० सीएफएम. हॉलमध्ये हवा सोडणाऱ्या जाळ्या, म्हणजे ग्रिल, दोन आणि बेडरूममध्ये एक, प्रत्येकी २०० सीएफएमची.

आधी दाबाचा हिशेब मांडायचा. यंत्राचा पंखा यंत्राबाहेरच्या वाटेसाठी ५० पास्कल दाब देतो असे धरू. त्यातले १२ फिल्टर घेतो आणि पुरवठ्याची व परतीची ग्रिल प्रत्येकी ८ घेतात. उरले २२. सर्वांत लांबच्या ग्रिलपर्यंत जाणारी आणि परत येणारी सरळ वाट १२ मीटर आहे. पण एल्बो म्हणजे वळणे आणि फाटे यांचा अडथळा सरळ डक्टच्या लांबीत मोजतात. तो इथे २२ मीटर धरला, म्हणजे एकूण ३४ मीटर. २२ ला ३४ ने भागले की घर्षण दर मिळतो: मीटरला सुमारे ०.६५ पास्कल. वळणांची लांबी न धरता १२ नेच भागायची चूक फार होते. मग दर जवळपास तिप्पट येतो आणि डक्ट बारीक निघते.

या दराला डक्टच्या मापांच्या तक्त्यात ६०० सीएफएमसाठी १२ इंची गोल डक्ट येते आणि २०० सीएफएमच्या फाट्याला ८ इंची. आता वेग तपासायचा: हवा भागिले छेदाचे क्षेत्रफळ. मुख्य डक्टमध्ये तो मिनिटाला साधारण ७६० फूट येतो, फाट्यात ५७०. घरात मुख्य डक्टला ९०० आणि बेडरूमच्या फाट्याला ६०० ही मर्यादा पाळणे चांगले. दोन्ही बसले.

अडचण पुढे येते. बीमखाली फॉल्स सीलिंगला नऊच इंच मिळतात आणि गोल डक्ट त्यात मावत नाही. योग्य तोड रुंदीची आहे: २२ × ६ इंचांची चौकोनी डक्ट घर्षणाच्या दृष्टीने १२ इंची गोल डक्टइतकीच पडते, आणि भोवती एक इंच इन्सुलेशन धरूनही उंची आठ इंचांत राहते. प्रत्यक्षात मात्र पत्रा आणि जागा वाचवायला १२ × ६ ची डक्ट टाकली जाते. तिच्यात वेग १,२०० होतो आणि घर्षण दर अडीच पास्कलवर, म्हणजे ठरवलेल्याच्या जवळपास चौपट जातो. सगळी वाट अशीच आवळली असेल तर पंखा ६०० सीएफएम देऊच शकत नाही. हवा दोन-तृतीयांशाच्या आसपास घसरते. इतकी कमी हवा कॉइलवरून गेली की बर्फ धरण्याची वेळ येते.

हवा वाढवायला पंख्याचा वेग चढवला की आवाज सुरू होतो. हवेच्या खळबळीतून निघणारी ध्वनिशक्ती वेगाच्या साधारण पाचव्या ते सहाव्या घाताने वाढते. त्यामुळे २२ इंचांची रुंदी १२ वर आणून हवा तेवढीच ढकलली, तर तेरा ते सोळा डेसिबल वाढतात. दहा डेसिबलची वाढ कानाला साधारण दुप्पट वाटते. रात्री रस्ता शांत झाला की बेडरूममध्ये हे फार बोचते. सरळ, गुळगुळीत डक्ट फारसा आवाज करत नाही. तो एल्बो, ग्रिल आणि डॅम्पर म्हणजे हवा कमी-जास्त करायची झडप यांच्यापाशी जन्मतो.

मूळ शोधायची साधी परीक्षा आहे. ग्रिल काढून पाहावे. सूं-सूं थांबली तर ग्रिल लहान होती. तशीच राहिली तर फाटा बारीक आहे, किंवा ग्रिलला लागून डॅम्पर बसवला आहे. तो फाट्याच्या तोंडाशी न्यावा. परतीचा फिल्टर क्षणभर काढल्यावर यंत्राचा सूर बदलून हवा वाढली, तर दोष परतीच्या वाटेत किंवा धुळीने भरलेल्या फिल्टरमध्ये आहे. एसी चालू-बंद होताना ढम्म वाजले तर दाबाने डक्टचा रुंद पत्रा आत-बाहेर होतो आहे. त्याला आडवे कंगोरे पाडून किंवा अँगल लावून आवर घालतात. २२ इंची पत्र्याला ही काळजी आधीच घ्यावी.

कोरड्या उन्हाळ्यात याच डक्टला कूलर जोडायची कल्पना इथे अनेकांना सुचते. कूलरची हवा खोलीतून तासाला तीसेक वेळा बदलावी लागते. १० × १२ फुटांच्या, दहा फूट उंचीच्या एका खोलीलाच त्यासाठी ६०० सीएफएम लागतात, म्हणजे वरच्या सगळ्या घराच्या एसीइतके. आठ इंची फाट्यातून तेवढी हवा नेली तर वेग १,७०० वर जातो. कूलरसाठी डक्ट वेगळीच काढावी लागते, आणि हवा बाहेर पडायला खिडकी उघडी लागते.