पिच बरोबर, तरी जॉब रिजेक्ट

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका शेडमधली ही गोष्ट. हायड्रॉलिक पंपाला लागणारा बिडाचा फ्लँज होता. मधे बोअर, बोअरमध्ये की-वेची खाच, आणि 100 मिलिमीटर पीसीडीवर, म्हणजे तेवढ्या व्यासाच्या वर्तुळावर, बोल्टसाठी चार भोकं. ऑपरेटरने व्हर्नियरने समोरासमोरच्या भोकांमधलं अंतर मोजलं, दोन्हीकडे शंभर आलं. "पिच मोजलाय की वो सर, सगळं बरोबर हाय," तो म्हणाला. मोजमाप खरंच बरोबर होतं, आणि तरीही जॉब ड्रॉइंगप्रमाणे नव्हता. कारण भोकांची आपसातली अंतरं सांभाळा, एवढ्यावर ड्रॉइंग थांबलंच नव्हतं. भोकांच्या मापाखाली ही चौकट होती:

```
4x ⌀8.6 +0.2/0
⌖ | ⌀0.3 Ⓜ | A | B | C
```

चौकट डावीकडून उजवीकडे वाचायची. वर्तुळातून गेलेली फुली म्हणजे पोझिशन, भोकाची जागा. तिच्या पुढचं 0.3 म्हणजे मोकळीक. त्या आकड्याआधीचं व्यासाचं चिन्ह घाईत सुटतं, आणि तेच सर्वांत महत्त्वाचं आहे. भोकाचा मध्य आदर्श जागेभोवतीच्या 0.3 व्यासाच्या वर्तुळात कुठेही असला तरी चालेल, असं ते सांगतं. वर्तुळ 0.3 व्यासाचं, म्हणजे मध्याला कोणत्याही दिशेला फक्त 0.15 सरकायची मुभा.

जुन्या ड्रॉइंगवर हीच गोष्ट आडवं ±0.1, उभं ±0.1 अशी लिहीत. त्यातून चौकोन तयार होतो. कोपऱ्यातलं भोक आदर्श जागेपासून 0.14 लांब असलं तरी पास, पण सरळ रेषेत 0.12 सरकलेलं नापास. बोल्टला दिशेशी काय देणंघेणं? त्याच चौकोनाभोवती कोपऱ्यांना टेकणारं वर्तुळ काढलं, तर जुळणीला धक्का न लावता 57 टक्के जास्त क्षेत्र मिळतं. स्कॉटलंडमधल्या टॉर्पेडो कारखान्यात काम करणाऱ्या स्टॅन्ली पार्कर यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास हा विचार मांडला, असं मानलं जातं.

आता शेवटची तीन अक्षरं. ही डेटमची, म्हणजे जिथून मोजायचं त्या संदर्भांची नावं, आणि त्यांचा क्रम म्हणजे जॉब धरण्याचा क्रम. आधी ए, म्हणजे मशिन केलेला फेस, त्यावर जॉब टेकवायचा. मग बी, म्हणजे बोअर, त्याने जॉब मधोमध आणायचा. शेवटी सी, म्हणजे की-वे, त्याने फिरणं थांबवायचं. फ्लँज पंपावर बसतो तोही असाच. बाहेरचा व्यास या यादीत कुठेच नाही, हे लक्षात ठेवा.

सीएमएमवर, म्हणजे बिंदूंच्या जागा मोजणाऱ्या मशिनवर, हाच क्रम धरून जॉब लावला. पहिल्या भोकाची आदर्श जागा आडवी 50, उभी शून्य. प्रत्यक्षात मध्य सापडला 50.13 आणि 0.12 वर. पायथागोरसने सरळ अंतर काढलं तर 0.177 येतं. इथे बरेच नवीन इन्स्पेक्टर थांबतात, 0.177 हे 0.3 पेक्षा कमी म्हणून ओके लिहून मोकळे होतात. पण चौकटीतला आकडा व्यासाचा आहे आणि आपलं अंतर त्रिज्येचं. दुप्पट करायला हवी. पोझिशन निघाली 0.354. म्हणजे नापास?

इथे गोलातला एम कामी येतो. भोक परवानगीतलं सर्वांत लहान, म्हणजे 8.6 असेल, तेव्हाच 0.3 ची अट लागू. भोक जेवढं मोठं, तेवढी मोकळीक वाढते. यात औदार्य नाही, साधा हिशोब आहे. पंपावरचा आटा त्याच्या जागेपासून 0.15 सरकलेला असला, तर 8 मिलिमीटरच्या बोल्टला 8.3 ची जागा लागते. तेवढी वाट मोकळी राहिली की बोल्ट जातो. 8.6 मधून 0.3 वजा केले तरी उरतात 8.3. पहिल्या भोकात घट्ट बसणारी सर्वांत मोठी पिन 8.68 ची होती, म्हणून 0.08 बोनस. मुभा झाली 0.38, आणि 0.354 पास.

दुसरं आणि तिसरं भोकही असंच तरलं. चौथं मात्र 0.14 आणि 0.13 ने सरकलेलं, पोझिशन 0.382, आणि भोक 8.66 चं. मुभा 0.36. बावीस मायक्रॉनने गेलं. बोनस ज्याचा त्याला, शेजाऱ्याचा उधार घेता येत नाही.

ते भोक रीमरने 8.75 केलं तर मुभा 0.45 होते आणि मध्य तिथेच राहिला तर जॉब वाचतो. 8.8 पर्यंत परवानगी असल्याने यात लबाडी काहीच नाही. आम्ही तसंच केलं. पण पुढच्या जॉबांचं काय?

चार भोकांचे आकडे शेजारी ठेवले तेव्हा उत्तर दिसलं. चारही भोकं उजवीकडे साधारण 0.13 आणि वर साधारण 0.12 सरकलेली. ड्रिल भरकटत असतं, तर प्रत्येक भोक वेगळ्या दिशेला गेलं असतं. जॉब फिरला असता, तर समोरासमोरची भोकं उलट दिशांना गेली असती. इथे सगळा घोळका एकत्र सरकला होता, म्हणूनच पिच बरोबर येत होता. व्हर्नियर भोकांना एकमेकांबद्दल विचारतो, बोअरबद्दल कुणी विचारलंच नव्हतं.

मशिनवर गेलो. जॉब सॉफ्ट जॉमध्ये धरलेला, बाहेरच्या व्यासावर. बोअरला डायल लावून फिरवलं तर काटा 0.35 फिरला. डायल दुप्पट दाखवतो, म्हणजे बोअरचा मध्य बाहेरच्या व्यासाच्या मध्यापासून सुमारे 0.175 लांब. सीएमएमचा 0.177 तो हाच. लेथवर बाहेरचा व्यास एका सेटअपमध्ये आणि बोअर दुसऱ्या सेटअपमध्ये झाला होता.

ऑपरेटर प्रोग्रामच्या ऑफसेटमध्ये 0.13 आणि 0.12 टाकायला निघाला होता. त्याला थांबवलं आणि पुढचे दोन जॉब सीएमएमवर लावले. एकात घोळका खाली सरकलेला, दुसऱ्यात डावीकडे. की-वेच्या संदर्भात सरकण्याची दिशा प्रत्येक जॉबमध्ये वेगळी होती. ऑफसेटने एक जॉब सुधारला असता, दुसरा दुप्पट बिघडला असता.

मग फिक्स्चर चौकटीच्या क्रमाने बनवलं. फेस टेकायला घासलेले पॅड, बोअरमध्ये फाकणारं मँड्रेल, की-वेत की, आणि दाब वरून. पॅडवर बर किंवा चिप राहिली तर जॉब तिरका बसतो, म्हणून प्रत्येक वेळी हवा मारायची. तपासायला गेजही केला: मधे बोअरची पिन, एक की, आणि चार पिना 8.3 च्या. फेस टेकेपर्यंत गेज बसला की जागा ठीक. भोक 8.8 च्या वर गेलंय का हे मात्र तो सांगत नाही, त्याला प्लग गेज वेगळा.

नव्या फिक्स्चरवरच्या पहिल्या जॉबवर ऑपरेटर खूश नव्हता. त्याने भोकांपासून बाहेरच्या कडेपर्यंत मोजलं, आणि आता तिथे दोन बाजूंना फरक येत होता. येणारच होता, आधी तोच फरक बोअरच्या बाजूला लपलेला होता. ड्रॉइंगवर बाहेरच्या व्यासाला एकही चौकट नाही. ती कड पंपात कुठेच टेकत नाही.