म्यानातला पावसाळा

आमच्या कोकणातल्या घरी एक तलवार आहे. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, ती माळ्यावरून खाली येते. लहानपणापासून पाहत आलेलं दृश्य असं: काका मूठ धरून ओढतात, पातं म्यानात अडकतं, आणखी जोर लावल्यावर खरखरत बाहेर येतं आणि त्यावर नारिंगी गंजाचे चट्टे दिसतात. मग चिंच आणि राख लावून घासणं, धुणं, हळद-कुंकू, ओलं गंध, फुलं. दुसऱ्या दिवशी दसरा झाला की तलवार पुन्हा म्यानात आणि म्यान माळ्यावर. "कोकणची हवाच खारी, गंजणारच," असं आजी म्हणायची. तिचं म्हणणं खरं होतं, पण अर्धंच.

पोलाद गंजायला पाऊस लागत नाही. हवेतली वाफ धातूवर डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा पापुद्रा धरते आणि त्या पापुद्र्यात लोखंड विरघळून प्राणवायूशी संयोग पावतं. इंग्लंडमध्ये व्हर्नन नावाच्या शास्त्रज्ञाने १९३०च्या दशकात दाखवून दिलं, की अगदी स्वच्छ हवेत लोखंड दमटपणा वाढला तरी फारसं गंजत नाही. हवेत थोडा गंधकाचा धूर मिसळला, की मात्र सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर जाताच गंज झपाट्याने वाढतो. म्हणजे दमटपणाला जोडीदार लागतो. कोकणात तो जोडीदार मीठ. समुद्राच्या मिठातला मॅग्नेशियम क्लोराइड आर्द्रता ३३ टक्क्यांवर असतानाच पाणी ओढून ओला होतो; जेवणातलं मीठ ७५ टक्क्यांच्या आसपास. पावसाळ्यात तर आपल्याकडे आर्द्रता ८०-९० टक्के असते. हाताच्या घामातही मीठच असतं, म्हणून पात्यावर गंजाने उमटलेले बोटांचे ठसे दिसतात. काकांनी कौतुकाने पात्यावरून अंगठा फिरवला होता, तो पुढच्या वर्षी दिसतो!

आता म्यानाकडे वळू. आमचं म्यान लाकडाचं, वरून मखमल चढवलेलं. लाकूड हवेशी सतत पाण्याची देवाणघेवाण करतं. ३० अंश तापमानात आर्द्रता ८० टक्के असेल, तर लाकूड आपल्या कोरड्या वजनाच्या साधारण १६ टक्के पाणी धरून बसतं. म्यानातलं कोरडं लाकूड ३०० ग्रॅम धरलं, तर त्यात जवळपास ४८ ग्रॅम पाणी, म्हणजे दहा-एक चमचे. याउलट, ज्या पेटीत तलवार ठेवायची ती मीटरभर लांब, १५ सेंटिमीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असेल, तर तीत हवा मावते १५ लिटर आणि त्या हवेतली वाफ भरते जेमतेम ०.३६ ग्रॅम. सात-आठ थेंब! पेटी कितीही घट्ट बंद करा, म्यान आत असेल तर शंभरपटीहून जास्त पाणी तुम्हीच आत ठेवलेलं असतं. आणि हे सगळं पाणी पात्याला चिकटून.

आता दसरा कधी येतो ते बघा. आश्विनात, पावसाळा नुकताच सरताना. चार महिने पाणी प्यायलेलं म्यान, त्यात चिंचेने घासून आम्लाने उघडं पडलेलं पोलाद, वर गंधाचा ओलावा. तलवार कायमची बंद करायला वर्षातला याहून वाईट दिवस शोधून सापडणार नाही.

म्हणून आता आमच्याकडे तलवार म्यानात राहत नाही. म्यान वेगळं, कापडी पिशवीत, हवा खेळेल असं टांगलेलं. पूजेनंतर पातं आधी साध्या पाण्यात भिजवून पिळलेल्या कापडाने पुसायचं, कारण मीठ आणि चिंचेचा आंबटपणा तेलात विरघळत नाही. तेल वरून लावलं तर ते दोन्ही तेलाखाली सुखाने काम करत राहतात. मग लगेच कोरड्या कापडाने, आणि शेवटी स्पिरिटचा बोळा फिरवून उरलेलं पाणी काढायचं. तापवून वाळवायचा मोह टाळावा. आपल्याकडच्या जुन्या तलवारींचं पातं मुठीत बहुतेक वेळा राळेने बसवलेलं असतं. कडक उन्हात किंवा चुलीजवळ राळ मऊ होते आणि मूठ हलू लागते.

तेलाबद्दल घरोघरी वेगळी श्रद्धा असते. रोज वापरायच्या कोयत्याला आणि विळीला खोबरेल चांगलं: हाताशी असतं, पोटात गेलं तरी बिघडत नाही आणि खवट व्हायच्या आत पुसलं जातं. वर्षभर ठेवायच्या पात्याला मात्र ते नको. खवट होताना त्यात आम्लं सुटतात. जवसाचं तेल वाळून चिकट पापुद्रा होतं, तो काढताना नाकी नऊ येतात. शिलाई मशीनचं खनिज तेल यापैकी काहीच करत नाही, पण ते पातळ असतं आणि उभ्या पात्यावरून खाली ओघळतं. आडवं ठेवलं तर जास्त टिकतं. मी पावसाळ्यापुरतं पेट्रोलियम जेली वापरतो: चिमूटभर कापडावर घेऊन पुसल्यासारखी फिरवायची, बोट लावलं तर जेमतेम तेलकट लागावं इतकीच. जाड थर धूळ धरतो, आणि त्या धुळीत पुन्हा मीठ. शिवाय तेलातूनही वाफ सावकाश आत झिरपतेच, तेव्हा थर जाड केल्याने काम भागत नाही. तो वेळेवर बदलावा लागतो. कारखान्यात यंत्रभागांना लावायचं गंजरोधक तेल मिळालं तर उत्तम, कारण त्यात धातूला चिकटून बसणारी रसायनं मिसळलेली असतात.

पेटीत सिलिका जेल घालायचं. ते मध्यम आर्द्रतेत आपल्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शाइतकं पाणी धरतं. म्यान बाहेर असेल तर १०० ग्रॅम पुष्कळ होतं, बाकी सगळी लढाई झाकणाच्या फटीतून येणाऱ्या हवेशी. म्यान आत ठेवायचाच हट्ट असेल, तर लाकूड ५० टक्के आर्द्रतेपर्यंत आणायला त्यातून वीसेक ग्रॅम पाणी निघावं लागतं. तेवढ्यालाच १०० ग्रॅम जेल संपतं. रंग बदलणारे दाणे घ्यावेत. नारिंगीचे हिरवट झाले की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन-तीन तास तापवून पुन्हा वापरता येतात.

एक फसगत माझीही झाली. मुंबईच्या घरी वातानुकूलित खोलीत, २४ अंशांवर, मी एक सुरी ठेवली होती आणि पावसाळ्यात ती थेट गॅलरीत आणून बघत बसलो. बाहेर ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता, म्हणजे दवबिंदू २६च्या आसपास. थंड पात्यावर मिनिटभरात दव धरलं. तेव्हापासून पेटी बाहेर आणली की तासभर बंदच ठेवतो, मग उघडतो.

गंज आला आहे का, हे पांढऱ्या कापडाने कळतं. पावसाळ्यात दर तीन आठवड्यांनी पात्यावरून ते फिरवतो. नारिंगी भुकटी लागली तर गंज चालू आहे; तिथे तेल टाकून, ०००० नंबरच्या बारीक स्टील वुलने हलकेच काढायचा. काळा, घट्ट डाग कापडाला काही देत नसेल तर तो राहू द्यावा. पोलादाच्या अंगातच लहरींसारखी नक्षी असते अशा जौहरदार पात्याला तर स्टील वुलही लावू नये, नाहीतर गंजाबरोबर ती नक्षीही जाते.

पेटी मी आता माघात, हवा सर्वात कोरडी असताना, नव्याने लावतो. दसऱ्याला तलवार पूजेपुरती म्यानात घालतो आणि संध्याकाळी काढून ठेवतो. काकांना ते पटलेलं नाही. पातं आता न अडकता बाहेर येतं, ही त्यांची तक्रार आहे.