जड वस्तू आधी पडते का? (गॅलिलिओचा संवाद)

जड वस्तू हलकीपेक्षा वेगाने पडते, हा समज खोडून काढणारा हा संवाद गॅलिलिओच्या ‘दोन नवी विज्ञाने’ या ग्रंथात येतो. ग्रंथ १६३८ मध्ये लायडन येथे छापला गेला. बोलणारे तिघे असले तरी खरी जुंपते ती दोघांत. साल्व्हियाती गॅलिलिओची बाजू मांडतो, तर सिंप्लिचियो ॲरिस्टॉटलची. साल्व्हियाती नावाचा गॅलिलिओचा खराखुरा मित्र होता. सिंप्लिचियो मात्र कल्पित आहे.

साल्व्हियाती सिंप्लिचियोचेच म्हणणे उचलतो. समजा, मोठा दगड ८ वेगाने पडतो आणि लहान ४ वेगाने. आता दोघांना एकत्र बांधले, तर काय होईल? लहान दगड रेंगाळणारा, तो मोठ्याला मागे ओढणार. म्हणजे जोडीचा वेग ८ पेक्षा कमी. पण जोडी मोठ्या दगडाहून जड आहे, तेव्हा ती ८ पेक्षा वेगाने पडायला हवी. एकाच गृहीतातून दोन उलट उत्तरे निघतात.

सिंप्लिचियो सहजासहजी हटत नाही. लहान दगड मोठ्याच्या वजनात भर घालतोच की, असे तो म्हणतो. साल्व्हियातीचे उत्तर फार नेमके आहे. तराजूत स्थिर असलेल्या दगडावर दुसरा ठेवला तर वजन वाढते, कारण खालचा वरच्याला अडवतो. दोन्ही दगड सारख्याच वेगाने पडत असतील, तर वरचा खालच्यावर दाब टाकूच शकत नाही. पळणाऱ्या माणसामागे त्याच्याच वेगाने धावत भाला खुपसायला गेलो, तर तो लागेल कसा?

ॲरिस्टॉटलच्या मताप्रमाणे १०० रत्तलांचा गोळा १०० हात खाली येईपर्यंत १ रत्तलाचा गोळा एकच हात उतरायला हवा. प्रत्यक्षात जड गोळा जेमतेम दोन बोटे पुढे असतो, असे साल्व्हियाती सांगतो. त्या दोन बोटांआड ९९ हातांची चूक लपवू नये, असेही बजावतो. उरलेला फरक तो हवेच्या अडथळ्यावर टाकतो. गॅलिलिओने पिसा शहरातल्या झुकत्या मनोऱ्यावरून गोळे टाकल्याची लोकप्रिय गोष्ट या चर्चेत कुठेच नाही.

हा युक्तिवाद ‘वेग केवळ वजनावर ठरतो’ एवढेच मोडतो. दगडाला पॅराशूट बांधले, तर जोडी अधिक जड असूनही हळू पडते आणि त्यात विसंगती काहीच नाही. हवेत आकारही मोजावा लागतो. निर्वातात सगळे सारखेच पडते, हे शेवटी प्रयोगानेच पाहावे लागते. २ ऑगस्ट १९७१ रोजी अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉटने हवा नसलेल्या चंद्रावर हातोडा आणि ससाण्याचे पीस एकाच वेळी सोडले. हातोडा सुमारे १.३ किलोचा, पीस सुमारे ३० ग्रॅमचे. दोन्ही एकाच वेळी जमिनीला टेकले.